जॉब नंबर ४७: ऑर्डरच्या फर्निचरचा खरा खर्च कसा काढायचा

ऑर्डरप्रमाणे फर्निचर बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये एकसारख्या दोन वस्तू क्वचितच बनतात. आज तीन दारांचं कपाट, उद्या जिन्याखालचं शेल्फ, परवा गोल टेबल. त्यामुळे वर्षाचा एकूण खर्च काढून त्याला वस्तूंच्या संख्येने भागलं, तर जो आकडा येतो तो कपाटालाही लागू पडत नाही आणि टेबलालाही नाही. प्रत्येक ऑर्डरचा खर्च वेगळा गोळा करावा लागतो. या पद्धतीला जॉब कॉस्टिंग म्हणतात.

मी अशा वर्कशॉपचे हिशेब लिहितो. नव्याने सुरुवात करणाऱ्यांशी बोलताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. मालाचा खर्च बहुतेकांना बऱ्यापैकी माहीत असतो, कारण प्लाय आणि बिजागऱ्यांची बिलं हातात असतात. नफा गळतो तो तासांमधून. आणि एक तास वाढला की नुसती मजुरी वाढत नाही, त्या तासाबरोबर भाडं, वीज, मशीनचा घसारा असं सगळं वाढतं. हे नीट दिसावं म्हणून एकच काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघू: जॉब नंबर ४७, तीन दारांचं आणि दोन ड्रॉवरचं व्हिनियर लावलेलं कपाट. खालचे आकडे गणित सोपं जावं म्हणून घेतले आहेत. तुमचे दर तुम्ही घाला, रीत तीच राहील.

आधी नंबर, मग करवत

ऑर्डर पक्की झाली की पहिलं काम म्हणजे तिला नंबर देणं आणि त्या नंबरचं एक कोरं खर्चपत्रक उघडणं. त्यावर तीन रकाने असतात: माल, मजुरी आणि ओव्हरहेड, म्हणजे भाडं, वीज असा सगळ्या कामांचा मिळून होणारा खर्च. शेजारी अंदाजाचे आकडे लिहून ठेवायचे. भाव सांगताना तुम्ही ते मनात किंवा कागदावर मांडलेलेच असतात, फक्त ते हरवू द्यायचे नाहीत. जॉब ४७ चा अंदाज असा होता: माल २८,००० रुपये, मजुरी ६४ तासांची ६,४०० रुपये, ओव्हरहेड ९,६०० रुपये, एकूण ४४,०००. ग्राहकाला भाव सांगितला ५५,०००.

नंबर नसेल तोवर स्टोअरमधून काही बाहेर काढायचं नाही, एवढा एक नियम कडक ठेवा. ‘त्या निळ्या दाराच्या पार्टीचं काम’ अशा नावाने माल निघाला, की महिन्याभराने ती पार्टी कोणती होती यावर वाद होतो.

ओव्हरहेडचा दर वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवायचा

मजुरी आणि माल थेट कामाला लावता येतात. पण भाडं, वीज, मशीनचा घसारा, सुपरवायझरचा पगार, ब्लेडला धार लावण्याचा खर्च हे कोणत्या कपाटाचे? सगळ्यांचे थोडे थोडे. ते वाटून देण्यासाठी एक माप लागतं. जिथे हाताने काम करणारे कारागीर हाच कामाचा कणा आहे, तिथे त्यांचे तास हे माप चांगलं चालतं, कारण कपाट जितके तास वर्कशॉपमध्ये राहून हात लावून घेतं, साधारण तितकाच ते जागेचा, दिव्यांचा आणि देखरेखीचा वापर करतं.

आपल्या वर्कशॉपमध्ये पाच कारागीर आहेत असं धरू. दोघे मुख्य सुतार, तासाला १२० रुपये. दोघे त्यांच्या जोडीला काम करणारे सुतार, तासाला ८०. एक पॉलिशवाला, तासाला १००. हा दर म्हणजे नुसता पगार नाही, पगाराबरोबर मालकाला जे काही वर द्यावं लागतं, म्हणजे बोनस, भरपगारी सुट्ट्या वगैरे, ते सगळं त्यात धरलेलं आहे. पाचांची सरासरी तासाला १०० रुपये येते.

प्रत्येक जण वर्षाला सुमारे २,४०० तास हजर असतो. पाचांचे मिळून १२,००० तास. नवीन माणूस इथेच पहिली चूक करतो: तासाचा दर काढताना तो वर्षाच्या ओव्हरहेडला याच १२,००० तासांनी भागतो. पण हजर असलेला प्रत्येक तास कुठल्यातरी कामावर लागत नाही. झाडलोट असते, मशीन बंद पडते, माल यायची वाट बघावी लागते, पुढच्या कामाचं माप समजून घेण्यात वेळ जातो. आपल्याकडे पाचातले चार तास कामावर लागतात असं मागच्या चिठ्ठ्यांवरून दिसतं, म्हणून कामाचे तास धरू ९,६००. उरलेल्या २,४०० तासांचा पगार, म्हणजे २,४०,००० रुपये, कोणत्याच जॉबवर थेट पडत नाही. तो ओव्हरहेडमध्ये जातो.

आता वर्षाचा अपेक्षित ओव्हरहेड मांडू. वर्कशॉपचं भाडं ३,६०,०००. सुपरवायझर ३,००,०००. वर सांगितलेला बिनकामाच्या तासांचा पगार २,४०,०००. मशीनचा घसारा १,८०,०००. वीज १,४४,०००. गोंद, स्क्रू, खिळे, पॉलिश पेपर अशा किरकोळ वस्तू १,२०,०००. दुरुस्ती आणि धार ६०,०००. विमा आणि नेहमी होणारी मालाची थोडीफार नासाडी मिळून ३६,०००. बेरीज १४,४०,०००. तिला ९,६०० ने भागलं की दर येतो तासाला १५० रुपये.

शोरूमचं भाडं, जाहिरात, ऑफिसमधला खर्च, डिलिव्हरीचा टेम्पो हे मी यात धरलेलं नाही. ते वस्तू बनवण्याचे खर्च नाहीत, विकण्याचे आणि धंदा चालवण्याचे आहेत. खर्च आणि भाव यांच्या मधल्या फरकातून ते भागवायचे असतात आणि त्यानंतर जे उरेल तो नफा. एकाच जागेत वर्कशॉप आणि शोरूम असेल तर भाडं जागेच्या चौरस फुटांप्रमाणे दोन्हीकडे वाटा.

आणि मालक स्वतः रंधा हातात घेत असेल, तर त्याचा तासही कारागिराच्या तासासारखाच धरायचा. तसं केलं नाही तर मालकाने केलेली कामं कागदावर स्वस्त दिसतात आणि त्याच भावाने पुढची कामं घेतली जातात. मग ती करायला दुसरा माणूस ठेवला की तोटा सुरू होतो.

काही जण ओव्हरहेड मजुरीच्या टक्क्यात लावतात. आपल्याकडे वर्षाची थेट मजुरी ९,६०,००० आहे, म्हणजे तो दर मजुरीच्या १५० टक्के होईल. एकूण बेरीज दोन्हीकडे सारखीच, पण वाटणी बघा. मुख्य सुताराने एखाद्या कामावर १० तास घालवले तर टक्क्याच्या पद्धतीत ओव्हरहेड पडतो १,८००. जोडीच्या सुताराने तेच १० तास घालवले तर १,२००, म्हणजे मुख्य सुतारापेक्षा ६०० ने कमी. दोघे शेजारशेजारच्या बाकांवर, एकाच दिव्याखाली, एकाच छपराखाली उभे आहेत. भाडं माणसाचा पगार बघून वाढत नाही. म्हणून पगारांत फरक असेल तिथे तासाचा दर जास्त न्यायाचा वाटतो.

दर वर्षाचा का, महिन्याचा का नाही, हा प्रश्न नक्की येतो. महिन्याचा ओव्हरहेड साधारण १,२०,००० पडतो. गर्दीच्या महिन्यात १,००० तास काम झालं तर दर १२० निघेल. सुस्तीच्या महिन्यात ५०० तासच झाले तर २४०. तेच कपाट, तेच हात, पण मंदीच्या महिन्यात ते दुप्पट ओव्हरहेड घेऊन बसेल आणि तुम्ही भाव चढवून उरलेसुरले ग्राहकही घालवाल. वर्षाचा अंदाजी दर हे चढउतार सपाट करतो. शिवाय काम संपल्या दिवशीच खर्च कळतो, विजेच्या बिलाची वाट बघावी लागत नाही.

अंदाज आहे म्हटल्यावर तो तंतोतंत जुळणार नाही. समजा वर्षअखेरीस कामाचे तास झाले ८,८००. म्हणजे जॉबांवर ओव्हरहेड चढवला १३,२०,०००. प्रत्यक्ष खर्च झाला १४,००,०००. उरलेले ८०,००० कोणत्याच जॉबवर पडले नाहीत. रक्कम एकूण धंद्याच्या मानाने लहान असेल तर ती त्या वर्षी विकलेल्या मालाच्या खर्चात घालून मोकळं व्हायचं. मोठी असेल तर विकलेला माल, तयार पडून असलेला माल आणि अर्धवट कामं यांच्यात वाटायची. पण हे वर्षअखेरीला कळण्यात अर्थ नाही. दर महिन्याला चढवलेला आणि झालेला ओव्हरहेड शेजारी शेजारी लिहा. दोन-तीन सुस्त महिन्यांची तूट समजण्यासारखी असते. सलग सहा महिने तूट वाढतच गेली, तर तास जास्त धरले गेले आहेत असं समजून पुढच्या अंदाजांसाठी दर बदलावा.

मागणी चिठ्ठी: माल कुणाच्या नावावर निघाला

स्टोअरमधून माल काढताना सुताराने एक चिठ्ठी भरायची. तारीख, जॉब नंबर, वस्तू, माप, नग, आणि घेणाऱ्याची सही. दर आणि रक्कम स्टोअर सांभाळणारा किंवा हिशेब लिहिणारा नंतर भरतो, सुताराला तो त्रास द्यायचा नाही. चिठ्ठ्यांना छापील क्रमांक हवेत. मधला क्रमांक गायब असला की लगेच लक्षात येतं.

जॉब ४७ वर पहिली चिठ्ठी निघाली ११२ नंबरची: १८ मिमी प्लायच्या ५ शीट १२,०००, पाठीमागच्या ६ मिमी प्लायच्या २ शीट २,२००, व्हिनियरच्या ५ शीट ८,००० आणि कडेच्या पट्ट्यांसाठी दीड घनफूट लाकूड ४,५००. एकूण २६,७००. नंतर ११८ नंबरच्या चिठ्ठीवर बिजागऱ्या, ड्रॉवरचे चॅनल आणि हँडल, ३,३००.

लाकडाच्या बाबतीत एक जपा. तयार पट्ट्यांचं माप घेऊन घनफूट काढू नका, स्टोअरमधून निघालेल्या खरबरीत फळीचं घ्या. २५ मिमीची फळी दोन्ही बाजूंनी रंधली की २० मिमीच्या आसपास उरते, वर गाठी, चिरा आणि टोकं कापून जातात ती वेगळीच. तो भुसाही कपाटासाठीच झाला आहे. तयार मापावर खर्च लावला तर वर्षाच्या शेवटी स्टोअरमध्ये लाकूड कमी भरतं आणि सगळे एकमेकांकडे बघत बसतात.

आता खरी परीक्षा. तिसरी चिठ्ठी, १२१ नंबर: १८ मिमी प्लायची आणखी एक शीट, २,४००. का? बाजूची फळी कापताना माप चुकून वाचलं आणि ती आखूड झाली. ही शीट जॉब ४७ वर टाकायची का?

याचं उत्तर चिठ्ठीवरच्या ‘कारण’ या रकान्यात असतं, म्हणून तो रकाना असायलाच हवा. ग्राहकाने मध्येच उंची वाढवली म्हणून शीट लागली असती, तर ती सरळ जॉबवर, आणि ग्राहकाच्या बिलातही. डिझाइनच असं अवघड आहे की त्यात नासाडी होणारच, तरीही जॉबवर. पण मापाची चूक ही कुठल्याही कामावर, कुठल्याही दिवशी होऊ शकली असती. ती या कपाटाचा गुण नाही. अशी शीट मी ओव्हरहेडवर टाकतो, तिच्यासाठी वर्षाच्या अंदाजात नासाडीची रक्कम धरलेली असतेच. जॉबवर टाकली तर पुढच्या वेळी असंच कपाट आलं की जुनं खर्चपत्रक बघून तुम्ही २,४०० जास्त सांगाल, आणि ते एका चुकीच्या मापाचे असतील. मात्र चिठ्ठीवर जॉब नंबरही लिहून ठेवायचा, म्हणजे कुठे चुका जास्त होतात ते शोधता येतं. भिजून किंवा आग लागून पंचवीस शीट गेल्या, तर गोष्ट निराळी. तो खर्च थेट नुकसानीच्या खात्यात जातो, कोणत्याही जॉबवर नाही आणि ओव्हरहेडच्या दरातही नाही.

काम आटोपलं तेव्हा व्हिनियरची एक अख्खी शीट उरली. ती स्टोअरमध्ये परत गेली आणि परतीच्या चिठ्ठीने १,६०० वजा झाले. परतीची चिठ्ठी हा सगळ्यात जास्त विसरला जाणारा कागद आहे. उरलेली शीट भिंतीला टेकून उभी राहते, पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कामात वापरली जाते, आणि पहिलं काम उगाच महाग, दुसरं उगाच स्वस्त दिसतं. लहान तुकड्यांचं मात्र वेड लावून घेऊ नका. एक माप ठरवा, त्याहून मोठा तुकडा परत जमा, लहान असेल तर तो त्याच जॉबचा खर्च.

जॉब ४७ चा माल: २६,७०० आणि ३,३००, वजा १,६००. म्हणजे २८,४००.

दर कोणता लावायचा हेही एकदाच ठरवून टाका. जुनी शीट एका भावाची, नवी दुसऱ्या भावाची असेल तर आधी आलेली आधी निघाली असं धरा किंवा सगळ्या साठ्याची सरासरी घ्या. दोन्ही चालतं. जॉबगणिक बदललं की चालत नाही.

वेळ चिठ्ठी: ही सांभाळली तर सगळं सांभाळलं

वेळ चिठ्ठी म्हणजे एका कारागिराच्या एका दिवसाचा हिशेब. त्यात किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, कोणता जॉब आणि कोणतं काम, एवढंच हवं. जोडीच्या सुताराची एका बुधवारची चिठ्ठी अशी होती:

| वेळ | जॉब | काम | तास |
|---|---|---|---|
| ९ ते ११ | ४७ | दारं बसवणं | २ |
| ११ ते ११.३० | ओव्हरहेड | ब्लेड बदललं | ०.५ |
| ११.३० ते १ | ५१ | फळ्या कापणं | १.५ |
| २ ते ६ | ४७ | दारं बसवणं | ४ |

‘काम’ हा रकाना वेळखाऊ वाटतो म्हणून बरेच जण गाळतात. मी तो कधीच गाळू देत नाही. कापणं, जोडणं, दारं-ड्रॉवर बसवणं, घासणं, पॉलिश, एवढे पाच प्रकार पुरतात. नुसते ‘४७ वर ६ तास’ असं असेल तर तास वाढले हे कळतं, का वाढले हे कळत नाही.

सुरुवातीच्या काळात मी चिठ्ठ्या शनिवारी एकदम भरून घेत असे. सगळ्यांना ते सोयीचं होतं. मग लक्षात आलं की आकडे फार गोंडस येतात: चार, चार, आठ, आठ. अर्ध्या तासाच्या नोंदी नाहीत, बिनकामाचा वेळ जवळजवळ शून्य. बुधवारी सकाळी काय केलं हे शनिवारी कुणालाच आठवत नाही, माणूस आठवतंय त्या मोठ्या कामावर तास टाकून मोकळा होतो. खोटं कुणी लिहीत नव्हतं, पण खरंही नव्हतं. तेव्हापासून चिठ्ठी बाकाजवळ टांगलेली असते आणि काम बदललं की त्याच क्षणी वेळ लिहायची.

तपासायची खूण सोपी आहे. पाच जण आठवड्याला ४८ तासांप्रमाणे २४० तास हजर होते, तर चिठ्ठ्यांची बेरीजही २४० हवी. आणि त्यात ओव्हरहेडचे तासही दिसले पाहिजेत. आपण वर्षाला पाचातला एक तास बिनकामाचा धरला आहे, म्हणजे आठवड्याला साधारण ४८. एखाद्या आठवड्यात ते ५ च दिसले, तर वर्कशॉप अचानक चपळ झालेलं नसतं, झाडलोट आणि वाट बघणं कुठल्यातरी जॉबवर चढलेलं असतं. हे टाळायचं तर कारागिरांना स्पष्ट सांगायला हवं की ओव्हरहेडचा तास लिहिला म्हणून कुणी जाब विचारणार नाही. एकदा जरी त्यावरून कुणाला बोललात, तर पुढच्या आठवड्यापासून तो रकाना रिकामा येईल.

चुकलेली बाजूची फळी पुन्हा कापायला जोडीच्या सुताराला २ तास लागले. शीट ओव्हरहेडवर गेली, तसे हे २ तासही ओव्हरहेडवरच. माल एकीकडे आणि त्याच चुकीची मजुरी दुसरीकडे, असं होऊ देऊ नका.

जादा वेळेचंही थोडक्यात. मुख्य सुताराला जादा तासाचे दुप्पट, म्हणजे २४० मिळत असतील, तर त्यातले १२० नेहमीची मजुरी म्हणून जॉबवर. वरचे १२० कुणाचे? ग्राहकाने घाई केली म्हणून थांबला असेल तर त्याच जॉबचे. वर्कशॉपमध्ये एकूणच काम साचलं म्हणून थांबला असेल तर ओव्हरहेडचे, कारण संध्याकाळी सातला कुणाचं काम हातात होतं हा निव्वळ योग असतो. ओव्हरहेड लावताना तो तास एकच मोजायचा.

तासाचा दर कुठे लंगडा पडतो

कामातला मोठा भाग मशीनच करू लागलं की ही पद्धत फसवते. प्लाय कापणारं आणि कडा चिकटवणारं मोठं मशीन आणलं, तर एका कपाटाचे दहा तास तीनवर येतात. तासाच्या दराने त्या कपाटावर ओव्हरहेड कमी पडतो, वास्तविक घसारा आणि वीज त्याच मशीनने वाढवलेली असते. मग हाताने कोरीवकाम केलेली खुर्ची त्या मशीनचा खर्च आपल्या तासांवर उचलते. अशा वेळी मशीनच्या विभागाचा ओव्हरहेड वेगळा काढून त्याला मशीनच्या तासांचा दर लावावा, आणि बाकांवरच्या विभागाला मजुरीच्या तासांचा. दोन दर पुरतात. त्याहून जास्त तुकडे केले तर चिठ्ठ्या भरण्यातच जीव जातो.

खर्चपत्रक बंद करून वाचणं

जॉब ४७ वर मुख्य सुताराचे ३० तास लागले, ३,६०० रुपये. जोडीच्या सुताराचे ३४ तास, २,७२०. पॉलिशवाल्याचे १६ तास, १,६००. एकूण ८० तास आणि ७,९२० रुपये मजुरी. ओव्हरहेड ८० गुणिले १५०, म्हणजे १२,०००. आता अंदाजाच्या शेजारी ठेवा:

| बाब | अंदाज | प्रत्यक्ष | फरक |
|---|---|---|---|
| माल | २८,००० | २८,४०० | ४०० |
| मजुरी | ६,४०० | ७,९२० | १,५२० |
| ओव्हरहेड | ९,६०० | १२,००० | २,४०० |
| एकूण | ४४,००० | ४८,३२० | ४,३२० |

५५,००० च्या भावात ११,००० सुटायचे होते, सुटले ६,६८०. पत्रक नसतं तर हिशेब असा झाला असता: माल अंदाजाइतकाच लागला, ग्राहक खूश आहे, पैसे आले, काम चांगलं झालं.

पत्रक बंद करण्यापूर्वी एक तपासणी करा. सगळ्या चालू जॉबांच्या पत्रकांची बेरीज तुमच्या वहीतल्या अर्धवट कामाच्या खात्याशी जुळली पाहिजे. जुळत नसेल तर बहुधा एखादी मागणी चिठ्ठी पत्रकावर चढली आहे पण स्टोअरच्या साठ्यातून वजा झालेली नाही, किंवा उलट.

जुळलं की मग कारणं शोधायची, आणि इथे वेळ चिठ्ठीवरचा ‘काम’ हा रकाना उपयोगी पडतो. अंदाजात मुख्य आणि जोडीच्या सुताराचे प्रत्येकी २८ तास होते आणि पॉलिशचे ८. जास्तीचे १६ तास दोन जागी सापडले.

पहिली जागा, पॉलिश: ८ ऐवजी १६ तास. ग्राहकाने रंगाचा नमुना पक्का करण्याआधीच पहिला हात मारला गेला, मग त्याला तो रंग गडद वाटला, सगळं घासून पुन्हा करावं लागलं. ८ तासांचे १०० आणि १५० मिळून २५० प्रमाणे २,००० गेले. कपाटाच्या डिझाइनशी याचा काही संबंध नाही. म्हणून पुढच्या अंदाजात पॉलिशचे तास वाढवायचे नाहीत. नमुन्यावर सही झाल्याशिवाय पॉलिशला हात लावायचा नाही, आणि सहीनंतर रंग बदलायचा झाला तर तो वेगळा आकारायचा.

दुसरी जागा, दारं बसवणं: मुख्य सुताराचे २ आणि जोडीच्याचे ६ तास जास्त. अंदाज काढताना दारं चौकटीवर बसतात असं धरलं होतं, कारण मागची सगळी कपाटं तशीच होती. हे कपाट मात्र चौकटीच्या आत बसणाऱ्या दारांचं होतं. चौकटीवरच्या दारात चौकटीची थोडी वाकडी कड झाकली जाते. आत बसणाऱ्या दारात चारही बाजूंची फट डोळ्यासमोर असते, ती दोन मिमी तर सगळीकडे दोन मिमीच हवी, त्यामुळे दार पुन्हा पुन्हा काढून रंधावं लागतं. मजुरी ७२०, ओव्हरहेड १,२००, आणि या दारांना लागणाऱ्या बिजागऱ्यांचे ४०० रुपये जास्त. तीन दारांचे २,३२०. ही कुणाची चूक नाही, या डिझाइनचा तो खराच खर्च आहे. फक्त तो भावात धरला गेला नव्हता.

अशाच दुसऱ्या कपाटाची विचारणा आली, तेव्हा अंदाज ४८,३२० वरून सुरू केला नाही आणि ४४,००० वरूनही नाही. ४४,००० मध्ये आतल्या दारांचे २,३२० मिळवून ४६,३२० धरले, आणि ऑर्डरच्या कागदावर रंगाच्या नमुन्याखाली सहीची एक रिकामी ओळ छापून घेतली.